पगाराचा अनुभव कमी असेल, तर बाकीच्या कामांना किती वजन द्यायचं?

नवीन उमेदवारांचे रेझ्युमे वाचायला बसलं की एक प्रश्न हमखास पुढे येतो. शिक्षणाचा भाग सगळ्यांचा जवळपास सारखा असतो. नोकरीचा अनुभव म्हणून दोन-तीन महिन्यांचं काहीतरी असतं किंवा तेही नसतं. उरतं ते वाचनालयात केलेलं स्वयंसेवी काम, कॉलेजच्या क्लबमधलं एखादं पद, घरी बसून बनवलेली वेबसाइट. वाचणारा इथे दोनपैकी एक टोक गाठतो. एक तर हे सगळं 'छंद' समजून सोडून देतो, नाहीतर यादी लांब दिसली की प्रभावित होतो. उमेदवाराचीही तीच अडचण असते. हे लिहावं की नाही, लिहिलं तर वर लिहावं की तळाशी, आणि पगार मिळाला नव्हता म्हणून ते 'अनुभव' या मथळ्याखाली घालणं चुकीचं तर नाही ना, हे त्याला कळत नसतं.

माझं मत आधीच सांगते. काम पगारी होतं का, हा प्रश्न पहिला नाहीच. पहिला प्रश्न असा की, हे काम झालं नसतं तर कोणाचं काय अडलं असतं, आणि ते कोणाच्या लक्षात आलं असतं. याचं उत्तर ठोस असेल तर ते काम अनुभव म्हणून मोजायचं. उत्तर नसेल तर पद कितीही मोठं असो, त्याला वजन द्यायचं नाही. खालचा सगळा लेख याच एका प्रश्नाचा वापर कसा करायचा याबद्दल आहे. तो निवड करणाऱ्याच्या बाजूने लिहिला आहे, पण आपला रेझ्युमे समोरचा कसा वाचतो हे उमेदवारालाही त्यातून कळेल.

वर्षं मोजून काय कळतं

पगारी अनुभव हाच खरा अनुभव, असं आपण गृहीत धरतो. तो नसला की नाइलाजाने बाकीचं बघतो. पण पगारी अनुभवाची वर्षं तरी आपल्याला नेमकं काय सांगतात? २०१९ साली चॅड व्हॅन इडकिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे आधीचे ८१ अभ्यास एकत्र करून तपासले. नोकरीला लागण्याआधीचा अनुभव आणि नव्या नोकरीतली कामगिरी यांचा एकमेकांशी किती संबंध असतो, हे त्यांना बघायचं होतं. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध अशा मोजपट्टीवर उत्तर आलं ०.०६. म्हणजे जवळपास काहीच नाही.

याचा अर्थ अनुभव निरुपयोगी असतो असा घेऊ नका. त्यातल्या बहुतेक अभ्यासांत अनुभव मोजला होता तो काळावर: किती वर्षं काम केलं, किती नोकऱ्या केल्या. त्या वर्षांत माणसाने नेमकं काय केलं आणि ते किती चांगलं केलं, हे त्या आकड्यात येतच नाही. एकाच खुर्चीत तीन वर्षं बसलेली दोन माणसं अगदी वेगळ्या गोष्टी शिकून बाहेर पडू शकतात. त्यामुळे 'दोन वर्षं पगारी' या शब्दांना आपोआप मान आणि 'दोन वर्षं स्वयंसेवी' या शब्दांना आपोआप शून्य, असं करायला आधार नाही. पण हाच निष्कर्ष दुसऱ्या बाजूनेही लागू होतो. स्वयंसेवी कामाची वर्षंही नुसती मोजून काही कळत नाही. दोन्हीकडे आत शिरून बघावंच लागतं.

तासांचा हिशेब

आत शिरायची पहिली पायरी अगदी साधी आहे आणि तरी ती फार कमी जण करतात: काळाचे तास करायचे.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत एक वाक्य ठरलेलं असतं. अनुभव म्हणजे पगारी आणि बिनपगारी दोन्ही, आणि त्यात सामाजिक, धार्मिक, विद्यार्थी संघटनांमधलं स्वयंसेवी कामही धरलं जाईल, अशा अर्थाचं. पण त्याच व्यवस्थेत उमेदवाराला प्रत्येक कामापुढे आठवड्याचे तास लिहायला सांगतात, आणि अर्धवेळ काम पूर्णवेळाच्या प्रमाणात मोजतात. मला यातली दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. बिनपगारी कामाला दार उघडं ठेवायचं असेल तर त्याचं माप पगारी कामाच्याच एककात घ्यायला हवं. नाहीतर 'दोन वर्षं' हे शब्द फसवतात, आणि बहुतेक वेळा लिहिणाऱ्याचा तसा हेतूही नसतो.

उदाहरणार्थ, रेझ्युमेत लिहिलेलं असतं, 'वाचनालयात स्वयंसेवक, दोन वर्षं'. विचारल्यावर कळतं की दर शनिवारी चार तास. परीक्षा, सुट्ट्या आणि आजारपण वगळलं तर दोन वर्षांत साधारण ऐंशी शनिवार भरतात. म्हणजे ३२० तास. आठवड्याला चाळीस तासांच्या पूर्णवेळ नोकरीत हे आठ आठवडे झाले. दोन वर्षं म्हणजे दोन महिने.

हे ऐकून अनेकांचा चेहरा पडतो. पण दोन महिने हा लहान आकडा नाही. ज्याच्याकडे पगारी अनुभव तीनच महिन्यांचा आहे, त्याच्यासाठी हे जवळपास तितकंच आहे. शिवाय त्यात एक गोष्ट जास्तीची आहे. ऐंशी शनिवार सकाळी उठून जाणं, तेही कोणी पगार कापणार नसताना, हे सलग दोन महिन्यांच्या नोकरीत दिसत नाही. मात्र रोज आठ तास काम करण्याचा ताण कसा असतो, हे त्या शनिवारांतून समजत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणून तास काढायचे, आणि मग त्या तासांत काय झालं ते बघायचं.

एक रेझ्युमे, शेवटपर्यंत

आता एक नमुना रेझ्युमे घेऊ. हा मी या लेखासाठी रचला आहे, पण असे रेझ्युमे वाचणाऱ्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल.

जागा आहे एका प्रशिक्षण संस्थेत ऑफिस असिस्टंटची. रेझ्युमे उघडण्याआधी एक काम करायचं: या जागेवरच्या माणसाला प्रत्यक्षात काय करावं लागतं ते चार ओळींत लिहून काढायचं. जाहिरातीतले 'उत्साही', 'टीममध्ये काम करणारा' असे शब्द नकोत, खरी कामं हवीत. इथे ती अशी निघाली. वर्गांचं वेळापत्रक लावणं. विद्यार्थ्यांच्या आणि फीच्या नोंदी ठेवणं. फोनला, ईमेलला आणि समोर आलेल्या माणसाला उत्तर देणं. आणि ऐनवेळी शिक्षक आले नाहीत किंवा खोली मिळाली नाही तर सगळं हलवून बसवणं.

ही यादी आधी लिहिण्याचं कारण आहे. रेझ्युमे आधी वाचला तर जे आवडलं त्याला साजेसे निकष आपण नकळत बनवतो. नाटक करणारा उमेदवार आपल्याला आवडला की 'सर्जनशीलता' अचानक महत्त्वाची होते.

उमेदवाराच्या रेझ्युमेत पाच गोष्टी आहेत. कपड्यांच्या दुकानात काउंटरवर तीन महिने पूर्णवेळ, पगारी. वर सांगितलेलं वाचनालय. कॉलेजच्या नाट्यमंडळाची खजिनदार, एक वर्ष. फोटोग्राफी क्लबची उपाध्यक्ष, एक वर्ष. आणि परीक्षांचं वेळापत्रक दाखवणारी एक वेबसाइट, स्वतः बनवलेली.

मोजपट्टी मी शून्य ते तीनची वापरते. शून्य म्हणजे त्या कामाचा काहीच पुरावा नाही. एक म्हणजे तसं काम केलं आहे, पण त्यावर कोणाचं काही अवलंबून नव्हतं. दोन म्हणजे ते काम पुन्हा पुन्हा केलं आणि त्यावर दुसरी माणसं अवलंबून होती. तीन म्हणजे तशा कामात काहीतरी बिघडलं किंवा अडलं, ते या व्यक्तीने निस्तरलं, आणि ते खरं आहे हे सांगणारी दुसरी व्यक्ती आहे. पगारी-बिनपगारी सगळी कामं याच पट्टीवर मोजायची. पगारी कामाला वेगळे गुण नाहीत.

अजून एक नियम, आणि तो मी कधी सोडत नाही. प्रत्येक कामासाठी सगळ्यात चांगला एकच पुरावा धरायचा. गुणांची बेरीज उपक्रमांवरून करायची नाही. तशी केली की दहा क्लबमध्ये नाव असलेला उमेदवार आपोआप वर जातो आणि एकच काम नीट केलेला खाली राहतो.

आता एकेक बघू. रेझ्युमेवरच्या ओळीतून सगळं कळत नाही, म्हणून दहा-पंधरा मिनिटांचा फोन करायचा. जिथे शंका आहे तिथे हा फोन करावाच.

नोंदी ठेवणं. वाचनालयाची ओळ रेझ्युमेत 'पुस्तकांचं व्यवस्थापन' एवढीच होती. फोनवर विचारलं, तिथे सगळ्यात किचकट काम कोणतं होतं? उत्तर असं आलं. दुसऱ्या वर्षी बालविभागाची मोजणी तिच्याकडे होती. रजिस्टरप्रमाणे ११४० पुस्तकं हवी होती, कपाटात भरली १०६२. म्हणजे ७८ कमी. तिने ती सगळी 'हरवली' असं लिहून दिलं नाही. परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी काढून एकेक नंबर ताडला. त्यात ३१ पुस्तकं सापडली: काहींच्या पाठीवर नंबर चुकीचा होता, काही मोठ्यांच्या कपाटात गेली होती. उरलेल्या ४७ पुस्तकांची यादी शेवटी कोणाकडे होती त्या नावांसह तिने ग्रंथपालांना दिली. ग्रंथपालांचा नंबर तिने न अडखळता दिला. इथे तीन गुण द्यायला मला क्षणाचाही विचार करावा लागत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला नेमकं हेच करावं लागतं: दोन याद्या जुळत नाहीत, आणि का जुळत नाहीत हे शोधायचं.

नाट्यमंडळाच्या खजिनदारपदातूनही नोंदींचा पुरावा मिळतो. वर्गणी गोळा केली, बिलं जपली, वर्षाअखेरीला हिशेब वाचून दाखवला. पैसे दुसऱ्यांचे होते आणि हिशेब सगळ्यांसमोर झाला, म्हणून दोन. पण नोंदींचे तीन आधीच मिळालेत, त्यामुळे याने बेरीज वाढत नाही. त्याचा उपयोग दुसरा आहे. एकाच गुणाची साक्ष दोन वेगळ्या ठिकाणांहून आली, तर तो योगायोग नव्हता हे कळतं.

माणसांशी बोलणं. इथे दुकानातली तीन महिन्यांची नोकरी कामाला येते, आणि तिचा क्षेत्राशी काही संबंध नसला तरी ती टाकाऊ नाही. बिल नसताना कपडे बदलून मागणाऱ्या ग्राहकाला तिने कसं समजावलं, कुठपर्यंत स्वतः निर्णय घेतला आणि कुठे सुपरवायझरला बोलावलं, हे तिने नीट सांगितलं. सुपरवायझरशी बोलता येईल. तीन.

वेळापत्रक. वेबसाइटबद्दल रेझ्युमेत लिहिलं होतं, 'संपूर्ण विभागासाठी वेबसाइट विकसित केली'. लिंक उघडत नव्हती. हा धोक्याचा इशारा असू शकतो, पण विचारल्याशिवाय निकाल देऊ नये. विचारल्यावर कळलं, ती एकच सत्र चालली. त्या सत्रात परीक्षेच्या तारखा दोनदा बदलल्या आणि दोन्ही वेळा तिने त्याच दिवशी बदल केले, कारण वर्गातली मुलं तेच बघून अभ्यास आखत होती. पुढच्या सत्रात कॉलेजने स्वतःच्या साइटवर वेळापत्रक टाकायला सुरुवात केली, मग तिने आपली बंद केली. माणसं अवलंबून होती, काम पुन्हा पुन्हा झालं, म्हणून दोन. तीन नाही, कारण दुजोरा देणारं तिसरं कोणी नव्हतं आणि वेळापत्रक तिने लावलं नव्हतं, फक्त दाखवलं होतं. 'संपूर्ण विभाग' हे शब्द मात्र जास्त मोठे होते.

ऐनवेळचे बदल. नाट्यप्रयोगाच्या दोन दिवस आधी हॉल रद्द झाला होता, असं ती म्हणाली. ऐकायला हे तीन गुणांचं वाटतं. पण पुढचा प्रश्न विचारला, 'त्या दिवशी तुम्ही स्वतः काय केलंत?', तेव्हा तिने सरळ सांगितलं की दुसरा हॉल मंडळाच्या अध्यक्षाने शोधला, तिने फक्त जास्तीचं भाडं दिलं. तारखा बदलल्यावर वेबसाइट सुधारली, तेवढाच पुरावा राहतो. एक. तिने श्रेय ओढून घेतलं नाही, हे मी गुणांमध्ये धरत नाही, पण बाजूला नोंदवून ठेवते, कारण त्यामुळे बाकीच्या उत्तरांवरचा विश्वास वाढतो.

फोटोग्राफी क्लबचं उपाध्यक्षपद राहिलं. क्लब महिन्यातून एकदा भेटायचा, उपाध्यक्षाकडे ठरलेलं काम नव्हतं. कोणाचं काय अडलं असतं? कोणाचंच नाही. शून्य. आणि यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. माणसाला फोटो काढायला आवडतात ही चांगली गोष्ट आहे, ती फक्त या जागेचा पुरावा नाही.

बेरीज: वेळापत्रक दोन, नोंदी तीन, संवाद तीन, ऐनवेळचे बदल एक. बारापैकी नऊ. आता याच जागेसाठी दुसरा उमेदवार घ्या, एक वर्ष पूर्णवेळ पगारी डेटा एंट्री केलेला. नोंदींत तीन, कारण तिथेही चुका शोधून दुरुस्त केल्याचं तो नीट सांगतो. पण फोनवर कोणाशी बोलावं लागलं ते क्वचितच, वेळापत्रक नाही, दिवसाचं काम बहुतेक ठरलेलं. संवादात एक, बदलांत एक, वेळापत्रकात शून्य. बारापैकी पाच. नुसती पगारी वर्षं बघितली असती तर पहिली उमेदवार मुलाखतीपर्यंत आलीच नसती.

या नऊ आणि पाचवरून मी नोकरी देत नाही. मुलाखतीला कोणाला बोलवायचं, एवढंच त्यावरून ठरतं. आणि मुलाखतीत कुठे खोदायचं तेही: पहिलीच्या बाबतीत ऐनवेळचे बदल, दुसऱ्याच्या बाबतीत माणसांशी बोलणं.

पगारी कामात जे असतं आणि इथे नसतं

माझी बाजू बिनपगारी कामाच्या न्यायाची आहे, म्हणूनच त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. स्वयंसेवी कामात माणूस बहुतेक वेळा आवडीचं काम निवडतो. नको असलेलं काम दुसरं कोणी करतं किंवा ते तसंच पडून राहतं. पगारी कामात तशी सोय नसते. क्लबमध्ये सोबतचे लोक मित्र असतात, नोकरीत नसतात. आणि स्वतःच्या प्रोजेक्टला अंतिम मुदत नसते. ती असली तरी पाळली नाही म्हणून कोणी जाब विचारत नाही.

म्हणून मी एक गोष्ट वरच्या चार कामांपासून वेगळी बघते: रोज, न आवडणाऱ्या दिवशीही, दुसऱ्याने आखलेलं काम करण्याचा काही पुरावा आहे का? आपल्या नमुन्यात तो दुकानाच्या तीन महिन्यांतून मिळाला. ज्या उमेदवाराकडे एकही पगारी काम नाही, त्याच्याकडे तो दुसरीकडे शोधावा लागतो. दीर्घकाळ चाललेली ठरलेल्या वेळेची ड्यूटी, घरातल्या आजारी माणसाची वर्षानुवर्षांची देखभाल, घरच्या व्यवसायात दिलेला हात. घरची जबाबदारी रेझ्युमेत लिहायची की नाही हा उमेदवाराचा खासगी निर्णय आहे आणि त्याबद्दल खोदून विचारू नये. पण त्याने लिहिली असेल तर तिला हसून पुढे जाऊ नये.

आणि काही जागा अशा आहेत जिथे ही सगळी मोजणी चालतच नाही. ज्या कामाला परवाना लागतो, ठरावीक तास देखरेखीखाली काम केल्याची नोंद लागते, किंवा चूक झाली तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं, तिथे कितीही चांगलं स्वयंसेवी काम त्या अटीची जागा घेत नाही.

छंदांच्या ओळीतून काय आत येतं

क्लब आणि छंद मोजताना एक धोका आहे ज्याकडे चांगल्या मनाचे निवडकर्तेही दुर्लक्ष करतात. लॉरेन रिव्हेरा आणि आंद्राश तिल्चिक यांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या मोठ्या लॉ फर्मच्या ३१६ कार्यालयांना त्यांनी कायद्याच्या विद्यार्थ्यांचे काल्पनिक अर्ज पाठवले. शिक्षण, गुण, कामाचा अनुभव सगळं सारखं ठेवलं. फरक होता तो छंदांत आणि अशाच बारीक खुणांत. काही अर्जांत शिडाच्या होड्या चालवणं, पोलो आणि शास्त्रीय संगीत. काहींत धावण्याच्या शर्यती, मैदानावरचा साधा फुटबॉल आणि लोकप्रिय ग्रामीण ढंगाचं संगीत. पुरुष उमेदवारांत श्रीमंती दर्शवणाऱ्या अर्जांना सुमारे १६ टक्के वेळा मुलाखतीचं बोलावणं आलं. दुसऱ्या प्रकारच्या अर्जांना साधारण एक टक्का वेळा. स्त्री उमेदवारांना मात्र त्या श्रीमंतीच्या खुणांचा तसा फायदा झाला नाही.

पोलो खेळल्याने कायद्याची कागदपत्रं चांगली लिहिता येतात असं कोणीच म्हणणार नाही. तरी ती ओळ काम करून गेली. म्हणून छंदाला गुण द्यायचे असतील तर आधी लिहिलेल्या कामांच्या यादीतल्या कुठल्यातरी ओळीशी तो जोडता आला पाहिजे. जोडता येत नसेल तर शून्य, मग तो छंद आपलाही का असेना. आणि क्लब नाहीत म्हणून गुण कापायचे नाहीत. कॉलेज सुटल्यावर रोज संध्याकाळी कमाईसाठी राबणाऱ्याला क्लबसाठी वेळ उरत नाही. त्याच्याकडे काम आहे, फक्त त्याला सुंदर नाव नाही.

खरं-खोटं कसं कळतं

खोटं बोलणारे कमी असतात, फुगवून सांगणारे पुष्कळ. मला तीन प्रश्न उपयोगी पडतात. त्यात शेवटचं काय बिघडलं होतं? तुम्ही सोडल्यावर ते काम कोणाकडे गेलं आणि त्या व्यक्तीला तुम्ही काय सांगितलंत? आणि 'आम्ही केलं' त्यातलं तुमच्या हाताने काय झालं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं. ज्याने खरंच काम सांभाळलं त्याला ते सोपवताना काय काय सांगावं लागलं हे आठवतं: कुठली चावी कुठे, कोण उशिरा पैसे देतं, कुठल्या फाइलीत दोन ठिकाणी बदल करावा लागतो. ज्याच्याकडे फक्त पद होतं तो 'मार्गदर्शन केलं' असं म्हणून थांबतो. स्वतःच्या प्रोजेक्टच्या बाबतीत हाच प्रश्न थोडा वेगळा होतो: तुमच्याशिवाय हे कोणी वापरलं, आणि त्यांनी काय तक्रार केली? वापरणारा एक जरी परका माणूस असेल तर तक्रार असतेच.

उमेदवाराने ओळ कशी लिहावी

हे सगळं फोनवर निघालं, पण फोन येईलच याची खात्री नाही. रेझ्युमेवर पहिली नजर अगदी थोडे सेकंद पडते. म्हणून जे फोनवर सांगितलं असतं तेच ओळीत यायला हवं. 'पुस्तकांचं व्यवस्थापन केलं' याऐवजी असं:

'वाचनालय सहायक (स्वयंसेवी, दर शनिवारी ४ तास, २ वर्षं). बालविभागाच्या ११४० पुस्तकांची मोजणी केली. नोंदीत कमी आलेल्या ७८ पैकी ३१ शोधून काढली, उरलेल्यांची यादी ग्रंथपालांना दिली.'

इथे 'स्वयंसेवी' हा शब्द आणि तास दोन्ही उघड आहेत. ते लपवले आणि नंतर कळलं तर पूर्ण रेझ्युमेवरचा विश्वास जातो. उघड लिहिले तर ही नोंद 'अनुभव' या मथळ्याखाली, दुकानाच्या नोकरीच्याही वर ठेवायला काही हरकत नाही, कारण या जागेसाठी तीच जास्त जवळची आहे. नाट्यमंडळाला एक ओळ, वेबसाइटला एक ओळ, तीही 'एका सत्रासाठी, वर्गासाठी' अशा खऱ्या मापात. फोटोग्राफी तळाशी आवडींमध्ये, पदाशिवाय. सगळं मिळून एकच पान.

पहिली नोकरी लागून दोन-तीन वर्षं झाली की हे प्रमाण आपोआप उलटतं. तेव्हा वाचनालयाची नोंद एका ओळीवर येते आणि खाली सरकते, वेबसाइट निघून जाते. पण ज्या स्वयंसेवी कामात अजूनही जबाबदारी चालू आहे आणि ती नोकरीतल्या जबाबदारीपेक्षा मोठी आहे, ते काम तेव्हाही वरच राहू द्यावं. ऑफिसमध्ये कोणाच्यातरी हाताखाली असलेली व्यक्ती बाहेर चाळीस स्वयंसेवकांच्या पाळ्या लावत असेल, तर सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज करताना तिच्याकडचा सगळ्यात मजबूत पुरावा तोच असतो.